जीटीए फाइव्हमध्ये कंट्रोलरची बटणं बदलताना या चुका टाळा

पीसीवरच्या जीटीए फाइव्हमध्ये कीबोर्डची प्रत्येक की बदलता येते, पण कंट्रोलरसाठी काही तयार लेआउटच मिळतात. एकेक बटण बदलायची सोय नाही. म्हणून स्टीम इनपुट वापरावं लागतं. हे गेम आणि हातातला कंट्रोलर यांच्या मधे बसतं आणि तुम्ही काहीही दाबलं तरी गेमला ठरवलेलं बटण दाबल्याचं कळवतं. खालचं उदाहरण स्टीम डेकचं आहे, कारण त्याच्या मागे L4, L5, R4, R5 ही चार मोकळी बटणं आहेत. मागे बटणं असलेल्या इतर कंट्रोलरलाही हाच विचार लागू पडतो.

पहिली गरज धावण्याची. A धरून ठेवलं की पात्र हळू पळतं, जोरात धावायला A सारखं टिचकवावं लागतं. तेवढा वेळ उजवा अंगठा कॅमेऱ्याच्या स्टिकवरून उठलेला. इथे बरेच जण A ची नेमणूकच काढून दुसरीकडे टाकतात, आणि मग मेनूत काही निवडता येत नाही, कारण तिथेही A च लागतं. A ला हात लावू नका. R4 ला A ची जादा नेमणूक द्या आणि त्या कमांडच्या सेटिंगमध्ये `Hold to Repeat (Turbo)` चालू करा. आता R4 नुसतं धरून ठेवलं तरी पात्र जोरात धावतं आणि कॅमेरा अंगठ्याखालीच राहतो. टर्बो फक्त स्टोरी मोडपुरता ठेवा. ऑनलाइनमध्ये आपोआप होणारी टिचकी इतर खेळाडूंवर अन्याय करते.

आता लेयर, म्हणजे मूळ नेमणुकांवर तात्पुरता चढणारा दुसरा थर. पात्र बदलायला डी-पॅड खाली धरून उघडणाऱ्या गोल चाकातून उजव्या स्टिकने निवडायचं असतं, गाडीत रेडिओसाठी डी-पॅड डावीकडे धरून तसंच. दोन्ही वेळा डावा अंगठा चालण्याच्या किंवा स्टिअरिंगच्या स्टिकवरून निघतो. सगळ्यात आधी सुचणारा उपाय म्हणजे L4 धरलं की A, B, X, Y चा डी-पॅड व्हावा. कागदावर तो छान दिसतो, पण खेळताना फसतो. A धरून ठेवायलाही उजवाच अंगठा आणि चाकातून निवडायलाही तोच! त्यामुळे जे बटण धरून ठेवायचं आहे, ते मागच्या बोटाकडेच द्यायला हवं. मूळ सेटमध्ये, म्हणजे नेहमीच्या नेमणुकांच्या संचात, R5 ला डी-पॅड खाली द्या. मग एक `Action Layer` बनवा, त्यात फक्त R5 ला डी-पॅड डावीकडे द्या, आणि मूळ सेटमधल्या L4 ला `Hold Action Layer` ही कमांड लावा. R5 धरलं की पात्रांचं चाक उघडतं, L4 सोबत R5 धरलं की रेडिओचं.

लेयरमध्ये बाकी सगळी बटणं पुन्हा भरत बसायची गरज नाही. रिकामी जागा खालच्या सेटमधून आपोआप येते. सगळं भरून ठेवलंत, तर उद्या मूळ सेटमध्ये R4 बदलाल आणि L4 धरल्यावर जुनंच R4 चालेल.

L4 सोडल्यावरही R5 रेडिओच उघडत असेल, तर बहुधा `Hold` ऐवजी `Add Action Layer` लागलं आहे. ते लेयर चढवतं, पण बटण सोडल्यावर उतरवत नाही. उतरवायला वेगळं `Remove Action Layer` लागतं. लेयरच्या आत L4 ला दुसरी कमांड दिलेली नाही ना, हेही पाहा.

गाडीसाठी वेगळा `Action Set`, म्हणजे नेमणुकांचा पूर्ण वेगळा संच, करून तो Y ला जोडावा, असा मोह होतो, कारण Y दाबलं की पात्र गाडीत बसतं. पण पात्र खरंच बसलं की नाही, हे स्टीमला कळत नाही. कुणी मधे आडवं आलं, तुम्ही बसणं रद्द केलं किंवा धडकेत पात्र बाहेर फेकलं गेलं, की पायी चालताना गाडीची बटणं चालू राहतात. वरच्या मांडणीत हा घोळ होत नाही, कारण आपण गेमला डी-पॅडच पाठवतो. पायी असताना किंवा गाडीत त्याचा अर्थ काय घ्यायचा, हे गेमच ठरवतो. याच कारणाने RB धरून लेयर चालवू नका. पायी ते आडोसा घेण्याचं बटण आहे, गाडीत हँडब्रेक, आणि वळणावर हँडब्रेक ओढताना लेयर उघडेल.

स्क्रीनवरच्या सूचना क्षणात A आणि क्षणात कीबोर्डची की दाखवू लागल्या, तर कुठल्यातरी बटणाला कीबोर्डची की दिली गेली आहे. ती काढून कंट्रोलरचंच बटण द्या.

आणि R4 अजिबात काम करत नसेल, तर आधी स्टीमच्या कंट्रोलर सेटिंगमधली `Test Device Inputs` चाचणी करा. तिथे R4 उमटत असेल तर बटण ठीक आहे, दोष मांडणीत आहे. या गेमसाठी स्टीम इनपुट बंद आहे का आणि निवडलेला लेआउट तुम्ही बदललेलाच आहे का, ते बघा.