वीसहून अधिक वर्षांच्या मैत्रीचा स्लाइड शो आणि त्याआधीचे दोन शब्द

गेल्या वर्षी जिवलग मैत्रिणीच्या चाळिसाव्या वाढदिवशी मी बोलून बसले, दिवे मालवले गेले आणि पडद्यावर तिची आजी ओट्यापाशी उभी राहून, हातातला झारा हलवत, आम्हा दोघींना जेवायला हाक मारताना दिसली. पण ती हाक कोणालाही ऐकू आली नाही. आजी आता नाहीत. त्यामुळे अशा स्लाइड शोच्या तयारीच्या या यादीत आवाज सर्वांत आधी.

लॅपटॉप एचडीएमआय केबलने प्रोजेक्टरला जोडला की आवाजही बहुतेक वेळा त्याच केबलने प्रोजेक्टरकडे जातो आणि हॉलचे स्पीकर गप्प राहतात. घरी केलेली तालीम म्हणूनच फसवी असते, कारण तिथे लॅपटॉपचा स्वतःचा स्पीकर वाजत असतो. लॅपटॉपच्या हेडफोनच्या छिद्रातून हॉलच्या मिक्सरपर्यंत जाणारी वेगळी ऑडिओ केबल सोबत न्यावी, प्रोजेक्टर जोडून झाल्यावर ध्वनीच्या सेटिंगमध्ये हेडफोन निवडावा आणि शेवटच्या रांगेत उभे राहून क्लिप ऐकावी. प्रोजेक्टर जोडून झाल्यावर, आधी नव्हे.

फोटो साठच्या आसपास पुरेत; प्रत्येकी पाच सेकंद धरले तरी पाच मिनिटे होतात. 2005 च्या सुमारास मोबाइलवर काढलेले बरेचसे फोटो जेमतेम 640 × 480 पिक्सेलचे असतात आणि पडदाभर ताणले की चेहरे विरघळतात, म्हणून असे दोन-तीन फोटो एकाच स्लाइडवर लहान आकारात शेजारी शेजारी ठेवावेत. मित्रमंडळींकडून फोटो मागवताना व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावे, एरवी ते आक्रसून येतात. जिच्याशी आता बोलणे उरलेले नाही अशी व्यक्ती एखाद्या फोटोत असेल, तर मैत्रिणीच्या बहिणीला आधी विचारावे.

मनोगत दोन मिनिटांचे असावे आणि पडद्यावर जे दिसणारच आहे ते त्यात सांगू नये. ज्याचा फोटो कोणीच काढला नाही, तो एक प्रसंग सांगावा. मी अकरावीच्या प्रवेशाच्या रांगेतला सांगितला: माझ्या गुणपत्रिकेची झेरॉक्स राहिली होती आणि तेव्हा अनोळखी असलेली ही मुलगी स्वतःचा क्रमांक सोडून माझ्याबरोबर दुकान शोधत फिरली. तो सांगून पेला उंचवावा, कारण अंधार झाल्यावर ते कोणाला दिसत नाही. शेवटचे वाक्य शब्दशः ठरवून लॅपटॉपपाशी बसणाऱ्याला लिहून द्यावे. ते कानी पडताच त्याने दिवे घालवून शो सुरू करायचा. ऐनवेळी ते वाक्य बदललेत, तर तो तुमच्याकडे पाहत बसेल आणि तुम्ही त्याच्याकडे.

बाकी चार्जर, पेनड्राइव्हवर दुसरी प्रत, नोटिफिकेशन बंद. पाहुणे येण्याच्या अर्धा तास आधी पोहोचावे आणि प्रोजेक्टर जोडलेला असताना आवाज असलेली क्लिप पुन्हा एकदा वाजवून ऐकावी.