नीट देणाऱ्या भाचीला काय द्यावं?

सांगलीत विश्रामबागला राहणारी माझी भाची नीटची तयारी करते. पहाटे पाचचा गजर मोबाईलवर. तो बंद करायला फोन हातात घेतला की टेस्टचे मार्क, ग्रुपवरचे मेसेज, आणि दिवस धास्तीनेच सुरू. म्हणून वाढदिवसाला तिला साधं गजराचं टेबल घड्याळ दिलं. मनगटी घड्याळ मुद्दाम टाळलं, नीटच्या केंद्रात ते नेऊच देत नाहीत.

घेताना दुकानात सेल घालून घड्याळ कानाशी धरा. सेकंदकाटा ठक-ठक उड्या मारत असेल तर नको. रात्रीच्या शांततेत तीच टिकटिक झोप उडवते. काटा सलग सरकणारं मागा. लाल आकडे चमकणारंही नको, कारण मध्येच जाग आली की 'तीनच तास उरले' हा हिशेब सुरू होतो. घड्याळ उशाशी न ठेवता खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा, तोंड भिंतीकडे. उठून चालत गेल्याशिवाय गजर बंद होता कामा नये.

फोन मात्र रात्री बाहेरच्या खोलीत चार्जिंगला हवा, नाहीतर घड्याळ नुसतं शोभेचं. ताईनं स्वतःचा फोनही तिथेच ठेवला, तेव्हा पोरीनं कुरकुर केली नाही. तरीही आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा.