अंगणवाडी मदतनीस पदाचा अर्ज: देण्याआधी या चुका टाळा

पंचायत समितीजवळ माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. अंगणवाडी सेविका-मदतनीस भरतीची जाहिरात लागली की शेवटच्या दोन दिवसांत दुकानात उभं राहायला जागा उरत नाही. पद मानधनाचं असलं तरी अर्जाची छाननी सरकारी पद्धतीनेच होते. तरी दर भरतीला त्याच त्या चुका समोर येतात आणि गुणवत्तेत बसणारी बाई कागदावर मागे पडते. म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात जास्त नुकसान पदाच्या नावामुळे होतं. एका जाहिरातीत सेविका आणि मदतनीस अशी दोन्ही पदं असतात, पण प्रत्येक गावात दोन्ही रिकामी असतातच असं नाही. मागे एक ताई अर्ज तपासायला घेऊन आल्या. विषयात लिहिलं होतं ‘अंगणवाडी सेविका पदासाठी अर्ज’, खाली मजकुरात ‘मदतनीस पदासाठी मी पात्र आहे’. मी विचारलं, “ताई, नक्की कुठल्या पदाला भरताय?” त्या म्हणाल्या, “काका, मदतनीसच. शेजारणीचा अर्ज होता मोबाईलमध्ये, त्यावरूनच केला.” जाहिरात उघडली तर त्यांच्या गावात फक्त मदतनीसची एक जागा होती. तो अर्ज तसाच गेला असता तर सेविकेच्या गठ्ठ्यात पडला असता, आणि त्या गठ्ठ्यात त्यांच्या गावाची जागाच नव्हती. छाननी करणारा माणूस विषयाची ओळ बघून गठ्ठे लावतो. मजकूर वाचून तुमचा हेतू शोधत बसायला त्याला वेळ नसतो.

एवढ्यावर थांबू नका. पदाचं नाव अर्जात कुठे कुठे येतं ते मोजा: विषय, मजकूर, प्रतिज्ञापत्र आणि पाकीट. या चारही ठिकाणी ते अक्षर न अक्षर जाहिरातीसारखंच हवं. गावाचंही तसंच. जाहिरातीत महसुली गावाचं नाव असतं आणि आपण सवयीने वाडीचं किंवा वस्तीचं नाव लिहितो. उमेदवार त्या गावची स्थानिक रहिवासी असावी ही मूळ अट आहे. अर्जात एक गाव आणि रहिवासी दाखल्यावर दुसरं दिसलं, की पहिली शंका तिथेच येते. वाडीचं नाव लिहायचंच असेल तर पत्त्यात लिहा, गावाच्या रकान्यात नको.

दुसऱ्या पदांना अर्ज करणाऱ्या मुलींसाठी याच्याशी जोडून एक गोष्ट सांगतो. पदनाम तुमच्यासाठी स्त्रीलिंगी करू नका. जाहिरातीत ‘शिक्षण सेवक’ असेल तर विषयातही ‘शिक्षण सेवक’च येईल, ‘सेविका’ नाही. ‘सहायक’ की ‘सहाय्यक’ यावरही वाद घालू नका. व्याकरणाच्या दृष्टीने ‘सहायक’ बरोबर आहे, पण जाहिरातीत ‘कनिष्ठ सहाय्यक’ छापलं असेल तर तेच उतरवा. मात्र ‘कनिष्ट’, ‘लिपीक’, ‘परीषद’ हे आपलं आपण बिघडवलेलं असतं. ते कनिष्ठ, लिपिक, परिषद असं करा.

जाहिरातीच्या पीडीएफमधून कॉपी-पेस्ट करणाऱ्यांनी रफार तपासावेत. ‘अर्ज’चा ‘अजर्’ होतो आणि स्क्रीनवर पटकन लक्षात येत नाही.

आता सोबतच्या कागदांची यादी. इथे मी कोणालाही घाई करू देत नाही, कारण एका विधवा ताईंचा अर्ज माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. या भरतीत बारावीच्या गुणांबरोबर विधवा, अनाथ, मागासवर्गीय, अनुभव अशा बाबींचे जादा गुण मिळतात. त्यांच्या यादीत सहाव्या क्रमांकावर ‘पतीच्या मृत्यूचा दाखला’ स्पष्ट लिहिलेला होता. अर्ज शेवटच्या दिवशी दुपारी त्यांनी घाईघाईने लावून दिला. संध्याकाळी मी झेरॉक्सचं झाकण उघडलं तर तोच दाखला काचेवर पालथा. म्हणजे त्याची प्रत निघालीच नव्हती आणि गठ्ठ्यात सहा क्रमांकाचा कागदच नव्हता. मुदत संपल्यावर कागद घेतले नाहीत. जादा गुण गेले आणि निवड दुसऱ्या बाईची झाली. यादीत लिहिलेलं असणं आणि कागद लावलेला असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी त्या दिवसापासून प्रत्येकीला सांगतो.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. यादी आधी टाईप करतच नाही. आधी सगळे कागद टेबलावर क्रमाने मांडायचे, प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलने आकडा घालायचा आणि त्या आकड्यांवरून यादी करायची. साधारण ती अशी होते: १. रहिवासी दाखला, २. शाळा सोडल्याचा दाखला, ३. बारावीचं गुणपत्रक, ४. जातीचं प्रमाणपत्र, ५. लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र, ६. पतीच्या मृत्यूचा दाखला. शेवटी ‘एकूण ६ कागदपत्रे, ८ पाने’ असं लिहायचं. मग दुसऱ्या कोणाला तरी यादी मोठ्याने वाचायला सांगायची आणि आपण एकेक कागद उलटायचा. पाच मिनिटांचं काम आहे, पण ‘काका, बरोबर आहे हो सगळं’ म्हणत तेच टाळायला बघतात.

यादीत कागदाचं नाव कागदावर छापलेलं असेल तसंच लिहा. जातीचं प्रमाणपत्र आणि जात वैधता प्रमाणपत्र हे वेगळे कागद आहेत. वैधतेसाठी प्रस्ताव दिल्याची पावती असेल तर ‘पावती’ असंच लिहा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर गुणपत्रक माहेरच्या नावाचं आणि अर्ज सासरच्या नावाचा होतो, तेव्हा विवाह नोंदणी प्रमाणपत्र यादीत हवंच. आणि कुठल्या तरी कार्यालयीन पत्रावरून उचललेलं ‘सोबत : वरीलप्रमाणे’ कृपा करून काढा. वर काही यादी नसेल तर त्या ओळीला अर्थच राहत नाही.

शेवटच्या ओळी थोडक्यात. ‘तरी माझ्या अर्जाचा विचार व्हावा, ही नम्र विनंती’ एवढं पुरतं. ‘कळावे, लोभ असावा’ घरच्या पत्रात शोभतं, इथे नको. ‘स्विकारावा’ नाही, स्वीकारावा. ‘विश्वासु’ नाही, विश्वासू. भावाच्या अर्जावरून उतरवला असेल तर ‘आपला विश्वासू’चं ‘आपली विश्वासू’ करताना वरचंही वाचा, कारण मजकुरात ‘मी बारावी उत्तीर्ण झालो आहे’ तसंच राहिलेलं असतं. ‘आपली आज्ञाधारक’ मला पटत नाही. तुम्ही अजून त्यांच्या नोकरीत नाही. सही टाईप केलेल्या नावाच्या वर येते. ठिकाण आणि दिनांक डावीकडे, आणि दिनांक अर्ज देण्याच्या दिवसाचा. तो आठवड्यापूर्वी टाईप करून ठेवला असेल तर बदला.

‘प्रति’च्या खाली ‘मा. बाल विकास प्रकल्प अधिकारी’ असं पदाने लिहा. साहेबांचं नाव घालू नका, बदली झालेली असू शकते.

अर्ज देताना दुसरी प्रत सोबत न्या आणि तिच्यावर शिक्का, आवक क्रमांक व तारीख घ्या. त्या प्रतीवरही कागदांची यादी असू द्या. पुढे पात्र-अपात्र यादी लागल्यावर हरकत घ्यायची वेळ आली, तर हातात तोच कागद असतो.