घराला आग लागून गेल्यानंतर मुलांना सावरताना या चुका टाळा

आग विझते, घरातली सगळी माणसं सुखरूप असतात, आणि दोन-चार दिवसांनी झोपायच्या वेळी मूल विचारतं, "पुन्हा आग लागेल का?" या प्रश्नाला आपण काय उत्तर देतो, यावर पुढचे कितीतरी दिवस अवलंबून असतात. आणि पहिली चूक बहुतेक घरांत इथेच होते. जीव तुटत असतो म्हणून आपण म्हणतो, "छे, आता कधीच नाही लागणार."

एक उदाहरण घेऊ. सहा वर्षांची मुलगी. रात्री स्वयंपाकघरात शॉर्टसर्किट होऊन आग लागली, बाबांनी तिला झोपेतून उचलून बाहेर आणलं. आता कुटुंब नातेवाइकांकडे राहतंय. "कधीच नाही" हे उत्तर तिला पहिल्या रात्री पुरलं. दुसऱ्या दिवशी ओट्यावर काहीतरी करपलं, तो वास आला आणि ती थरथर कापायला लागली. धुराचा वास हा आगीनंतर मुलांना पटकन त्या रात्रीकडे मागे ओढणारा धागा असू शकतो. डोक्यानं विचार करण्याआधीच शरीर घाबरून मोकळं होतं. त्या क्षणी तिच्या लेखी आईबाबांचं वचन खोटं ठरलं. मग ती तोच प्रश्न रात्रीतून दहा-दहा वेळा विचारू लागली.

तिला हवं असतं छोटं, खरं उत्तर: "ती आग विझली आहे. आपण सगळे बाहेर पडलो. इथे धूर झाला तर गजर वाजेल, मी तुला उठवीन आणि आपण या दारानं बाहेर जाऊ." यातलं प्रत्येक वाक्य खरं असलं पाहिजे. धुराचा गजर बसवलेला नसेल तर आधी बसवा, मगच हे वाक्य बोला. बाहेर पडायची वाट तिला दिवसाउजेडी एकदा चालून दाखवा आणि बाहेर कुठे भेटायचं तेही ठरवा. हा सराव शांतपणे करावा, रात्री झोपायच्या तोंडावर मुळीच नको.

दुसरी चूक पहिलीतूनच जन्मते. मूल विचारतं म्हणून आपण पुन्हा गॅस बघून येतो, पुन्हा प्लग बघतो, पुन्हा सांगतो. दर वेळी तिला पाच मिनिटं बरं वाटतं आणि तिचं मन शिकतं की बघून आल्याशिवाय आपण सुरक्षित नाही. म्हणजे धीर देता देता आपण भीतीलाच खतपाणी घालतो. त्याऐवजी रोज ठरल्या वेळी, दात घासून झाले की, एकच फेरी करा. गॅस बंद, प्लग काढलेले, गजराचा दिवा लागलेला, दाराची किल्ली जागेवर. तिला बरोबर घ्या, पण जबाबदारी मोठ्यांचीच आहे हे बोलून दाखवा: "हे बघणं माझं काम आहे." नंतर तिनं पुन्हा विचारलं तर मऊ आवाजात एवढंच म्हणा, "फेरी झाली. आता उद्या." पहिले काही दिवस ती रडेल, चिडेल. तिच्याजवळ बसा, हात धरा, पण उठून पुन्हा बघायला जाऊ नका.

झोपेच्या बाबतीत लोक दोन टोकांना जातात. कुणी तिसऱ्याच रात्री "एवढी मोठी झालीस" म्हणून वेगळं झोपवतं, तर कुणी महिनोन्‌महिने कुशीतच ठेवतं. सुरुवातीला जवळ झोपवण्यात काहीच गैर नाही. आठवडाभरानंतर झोप थोडी शांत झाली की पायऱ्या करा: आधी त्याच खोलीत तिचं वेगळं अंथरूण, मग तिच्या बिछान्यापाशी तुमची खुर्ची, मग खुर्ची दारात, मग दार उघडं आणि तुम्ही बाहेर. एका पायरीवर सलग तीन-चार रात्री बऱ्या गेल्या तरच पुढची. या काळात अंथरूण ओलं होणं, अंगठा चोखणं, बोबडं बोलणं हे सुटलेलं वागणं परत येऊ शकतं. त्यावर रागावलात किंवा चारचौघांत बोललात तर ते लांबतं. चादर बदला आणि झोपा.

आता ती चूक जिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. मुलाला काय वाटतंय हे आपण गृहीत धरतो. साधारण तीन ते सात वर्षांच्या मुलांना आपल्या मनातल्या रागामुळे किंवा खोडीमुळे वाईट गोष्ट घडली असं खरोखर वाटू शकतं. म्हणून एकदा शांतपणे विचारा, "तुला काय वाटतं, आग कशी लागली?" त्या मुलीनं बऱ्याच वेळानं सांगितलं की त्या रात्री ती आईवर चिडली होती आणि मनात "हे घर नको" म्हणाली होती. ती आठवडाभर ते ओझं एकटी वाहत होती. अशा वेळी "वेडी आहेस का" म्हणून हसून सोडून देऊ नका. "तुझ्या रागानं आग लागली नाही. वायर खराब झाली होती, ती तापली आणि पेटली," असं कारण सांगा. आग खरंच मुलाच्या हातून, काडीपेटीशी खेळताना लागली असेल तर मात्र खोटं बोलू नका. काडी पेटवणं चूक होतं, एवढं होईल हे तुला माहीत नव्हतं, आणि आम्ही तुझ्याबरोबर आहोत, हे तिन्ही सांगा. अशा मुलासाठी बालमानसतज्ज्ञांची मदत लवकर घेतलेली बरी.

"तो विषयच काढायचा नाही" आणि "सांग बरं काय काय झालं" ही दोन्ही सक्तीच. मूल आगीचं चित्र काढत असेल, बाहुल्यांना जळत्या घरातून पळवत असेल तर थांबवू नका. ते त्याचं बोलणं आहे. खेळ रोज तसाच संपत असेल, सुटका होतच नसेल आणि खेळून झाल्यावर मूल आणखी बिथरत असेल, तर शेजारी बसून हलकेच विचारा, "आता मदतीला कोण येतंय?"

दिनक्रम म्हणजे सगळं पूर्ववत असा अर्थ घेतला तर परक्या घरात तो जमणारच नाही. तीन खुंट्या पुरतात: उठायची वेळ, सगळ्यांनी एकत्र जेवायची वेळ आणि झोपेआधीचा तोच क्रम. शक्य तितक्या लवकर शाळा सुरू करा, पण शिक्षकांना आधी कल्पना द्या. विशेषतः शाळेत आगीचा सराव असेल तर घंटा वाजण्यापूर्वी मुलाला माहीत असायला हवं. आणि धुरानं काळवंडलेलं आवडतं खेळणं त्याला न विचारता टाकू नका. ते ठेवता येणार नसेल तर त्याला सांगून, निरोप घेऊ देऊन मग टाका.

महिना उलटल्यावरही दुःस्वप्नं, दचकणं, आगीची आठवण करून देणारी प्रत्येक जागा टाळणं कमी होत नसेल तर तज्ज्ञांकडे जा. मूल खाणं-बोलणं सोडत असेल किंवा मरायची भाषा करत असेल तर एक दिवसही थांबू नका. पण सावरलेलं मूल एखाद्या करपट वासानं पुन्हा दोन रात्री तुमच्या कुशीत आलं, तर ते सगळं पाण्यात गेलं असं समजू नका. खुर्ची पुन्हा बिछान्यापाशी ओढा, फेरी तीच ठेवा, आणि तिथून पुढे मोजा.