कुर्ती फिल्टरमध्ये दिसण्यासाठी कापड, फिट आणि प्रसंगाची माहिती कशी भरावी

मार्केटप्लेसवर 'कुर्ती' असे शोधल्यावर समोर येणाऱ्या असंख्य वस्तूंतून गिऱ्हाईक 'कॉटन', 'ए-लाइन', 'ऑफिस' असे फिल्टर लावत आपल्याला हवे ते निवडते. हे फिल्टर प्रामुख्याने लिस्टिंग फॉर्ममधील ठरावीक रकान्यांवर चालतात. त्यामुळे वर्णनात 'सुती' असे कितीही वेळा लिहिले, तरी कापडाचा रकाना रिकामा असेल तर फिल्टर लागताच आपली कुर्ती बहुधा यादीतून गळते. असे रकाने अनेकदा ऐच्छिक असतात आणि ते न भरताही लिस्टिंग स्वीकारले जाते, म्हणून ही उणीव सहजासहजी लक्षात येत नाही.

फॉर्म उघडण्याआधी त्याच मार्केटप्लेसवर गिऱ्हाईक म्हणून जावे, आपल्या प्रकारातील वस्तू शोधावी आणि फिल्टरच्या यादीत कोणती नावे व कोणते पर्याय आहेत ते उतरवून घ्यावे. तेच रकाने आधी भरायचे असतात. पुढे एक उदाहरण घेऊ: छापील नक्षीची, मोरपंखी रंगाची, ६० टक्के सूत आणि ४० टक्के रेयॉन असलेली कुर्ती.

पहिला रकाना कापडाचा. या कुर्तीसाठी 'प्युअर कॉटन' नव्हे, तर `Cotton Blend` हा पर्याय योग्य ठरतो. शुद्ध सुती म्हणून घेतलेले कापड मिश्र निघाले, तर गिऱ्हाईक ते परत करते आणि दोन्ही बाजूंच्या वाहतुकीचा भार अनेकदा विक्रेत्यावरच येतो. कापडातील प्रमाण पुरवठादाराकडून बिलावर लिहून घ्यावे. धागा जाळून पाहण्याची पद्धत येथे अपुरी पडते, कारण पॉलिस्टर वितळून त्याची कडक गुठळी होत असली, तरी रेयॉन सुतासारखाच कागदाच्या वासाने जळतो आणि त्या दोहोंतला फरक राखेवरून कळत नाही.

फिट आणि आकार हे दोन वेगळे रकाने आहेत, आणि सर्वाधिक गोंधळ येथेच होतो. कुर्ती अंगाला किती सैल बसते हे फिट सांगते. ती खाली कशी पसरते हे आकार सांगतो. दोन्ही गोष्टी टेपने मोजूनच ठरवाव्यात. ३६ इंच छातीसाठी शिवलेल्या कुर्तीची छाती ३८ ते ४० इंच भरत असेल, तर तिला 'रेग्युलर' म्हणता येते. मग कुर्ती सपाट अंथरून बगलेखालची रुंदी आणि खालच्या कडेची रुंदी मोजावी. आपल्या कुर्तीत ती अनुक्रमे १९ आणि २७ इंच भरली, म्हणजे आकार ए-लाइन. हा फरक दोन-तीन इंचांचाच असता, तर 'स्ट्रेट' निवडावे लागले असते.

प्रसंगाच्या रकान्यात सगळे पर्याय निवडण्याचा मोह टाळावा. जरीकाम, टिकल्या किंवा भरतकाम नसलेली ही कुर्ती रोजच्या वापराची आणि ऑफिसची आहे. दिवाळी जवळ आली म्हणून तिला 'फेस्टिव्ह' म्हटले, तर झगमगते कपडे शोधणाऱ्यांच्या यादीत ती दिसेल खरी, पण तेथे तिला खरेदीदार मिळणे कठीण. एकच पर्याय निवडण्याची मुभा असेल, तर कपडा जास्तीत जास्त वेळा जेथे वापरला जाईल तो प्रसंग निवडावा, येथे `Casual`.

रंगासाठी काही ठिकाणी दोन रकाने असतात: एक विक्रेत्याने दिलेल्या नावाचा आणि दुसरा फिल्टरसाठीच्या मूळ रंगाचा. 'मोरपंखी' पहिल्यात लिहावे. दुसऱ्यात यादीतील सर्वांत जवळचा रंग, म्हणजे `Green` किंवा `Blue`, दिवसाच्या उजेडात कापड पाहून निवडावा.

एक्सेल शीटमधून माहिती भरताना पर्याय मनाने टंकू नये, शीटमधील यादीतूनच निवडावा. `Cotton Blend` ऐवजी `Cotton Mix` लिहिल्यास तो रकाना नाकारला जाऊ शकतो. एम, एल, एक्सएल अशा प्रत्येक मापाची ओळ स्वतंत्र असेल, तर ही माहिती प्रत्येक ओळीत भरावी. अन्यथा काही मापे फिल्टरमध्ये दिसतात आणि काही दिसत नाहीत.

बदल लागू होण्यास काही तास, क्वचित त्याहून अधिक वेळ लागतो. त्यानंतर 'कुर्ती' शोधून प्रथम आपल्या ब्रँडचा फिल्टर लावावा, म्हणजे यादी छोटी होते. मग त्यासोबत कापडाचा फिल्टर लावून पाहावा, तो काढून आकाराचा आणि मग प्रसंगाचा लावावा. ज्या फिल्टरला कुर्ती नाहीशी होते, त्याच रकान्यात चूक आहे असे समजून लिस्टिंग पुन्हा उघडावे. ब्रँडचा फिल्टर लावताच ती दिसेनाशी झाली, तर आधी ब्रँडचे नाव आणि शिल्लक माल तपासावा, कारण साठा संपलेली वस्तू बाकीचे रकाने अचूक असूनही यादीतून वगळली जाऊ शकते.