परदेशातल्या घरांसाठी गोड्या मसाल्याला नाव कसं द्यावं

नाव शोधण्याआधी पाकिटात नेमकं काय आहे ते ठरवा. मराठवाड्यात हे वाटतं तितकं सोपं नाही. धणे, सुकं खोबरं, तीळ, दगडफूल, तमालपत्र, नागकेशर, लवंग, दालचिनी भाजून कुटलेल्या मसाल्याला एका घरात गोडा म्हणतात आणि शेजारच्या घरात काळा. त्याच ‘काळा’ या नावाखाली लातूर-धाराशिवकडे अनेक घरांत लाल मिरची, कुठे कांदा-लसूणही घातलेला जहाल मसाला होतो. येसर तर निराळाच. त्यात भाजलेली धान्यं आणि डाळी असतात, त्यानं आमटी दाट होते.

परदेशात बसलेलं माणूस पाकीट हुंगून बघू शकत नाही, ते नावावर विसंबून पैसे भरतं. म्हणून एक नियम पक्का करा: मिरची नसेल तरच ‘गोडा’. चिमूटभर मिरची रंगासाठी घातली असेल तरी काढून टाका, नाहीतर शब्द बदला.

आता एक उदाहरण घेऊ. धरून चाला, लातूरमधलं एक कुटुंब उन्हाळ्यात वर्षाचा मसाला करतं आणि त्यातला काही परदेशातल्या नातेवाइकांना पाठवतं. मागणी वाढली, आता पाकिटावर नाव हवं. त्यांनी आधी काय करावं? नावं सुचवायला बसू नये. कोऱ्या पाकिटातून मसाला आठ-दहा घरी पाठवावा, त्यातली निम्मी घरं ओळखीच्या बाहेरची असावीत. पंधरा दिवसांनी दोनच प्रश्न विचारावेत: यात काय केलंत? आणि संपला तर पुन्हा फोनवर काय म्हणून मागाल? ‘मसाला आवडला का’ हे विचारून उपयोग नाही. आत्यानं पाठवलेल्या मसाल्याला नावं ठेवण्याची कुणाची छाती नसते. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात मात्र खरे शब्द येतात. ‘आमटीचा मसाला’, ‘भरल्या वांग्याचा’, ‘आपला काळा’. हे शब्द ब्रँडसाठी नव्हेत, पण पाकिटावर नावाखालची ओळ लिहिताना सोन्यासारखे आहेत.

नावांची चाळणी

या कुटुंबाच्या यादीत सहसा कोणती नावं येतील ते सांगता येतं. ‘आजीचा गोडा मसाला’ आणि ‘गावाकडची चव’ पहिल्याच दिवशी येतात. दोन्ही गोड, दोन्ही गर्दीतली. आजी, आई, गाव, घर या शब्दांवर इतके पापड-लोणचीवाले बसलेत की तुमचं पाकीट कुणाच्या लक्षात राहायचं नाही.

‘मराठवाडा गोडा मसाला’ भारदस्त वाटतं. पण ट्रेडमार्क कायदा, 1999 च्या कलम 9 नुसार, जे शब्द फक्त मालाचा प्रकार, गुण किंवा उगमस्थान सांगतात त्यांची नोंदणी सहसा नाकारली जाते. ‘खमंग’, ‘अस्सल’, ‘पारंपरिक’ यांचंही तेच. गावाचं नाव घालताना आणखी एक भान ठेवा: वसमतची हळद, लातूर जिल्ह्यातल्या कास्तीची कोथिंबीर यांना भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते नाव त्या भागातल्या मालापुरतं राखीव आहे. धणे बाजारातून आणून पाकिटावर ‘कास्ती’ लिहाल तर अडचणीत याल.

मग इथल्या मातीतले शब्द निघतात, आणि खरी गंमत सुरू होते. परदेशातलं दुकान, तिथली मुलं आणि शोधपेटी, सगळे रोमन लिपी वाचतात. प्रत्येक शब्द त्या लिपीत लिहून, मराठी न येणाऱ्या माणसाकडून मोठ्यानं वाचून घ्या. आमटी रटरटते म्हणून ‘रटरट’ सुचलं, तर `Ratrat` मध्ये इंग्रजी वाचणाऱ्याला दोन उंदीर दिसतात. ‘उतरंड’ किती देखणा शब्द! पण `Utarand` मधली शेवटची चार अक्षरं मराठी-हिंदी माणूस शिवी म्हणून वाचू शकतो. ‘माळवद’, म्हणजे घराचं मातीचं सपाट छप्पर, मला स्वतःला सगळ्यात आवडलं असतं, कारण मसाल्याचं सामान वाळतं तिथेच. मात्र `Malvad` आणि मालवण यांत एकाच अक्षराचा फरक आहे. मागवणारा मालवणी मसाला समजून त्यात मासे शिजवील आणि नंतर तुम्हालाच बोल लावील.

उरतं ‘सुगी’. मसाल्याचं वर्णन त्यात नाही, म्हणून नोंदणीला बरं. चार रोमन अक्षरं, `Sugi`, आणि फोनवर सांगताना चुकायला जागा कमी. मूर्धन्य ळ-ण नाहीत, ठ-ढ नाहीत. मराठवाड्यातून गेलेल्या माणसाला अर्थ सांगावा लागत नाही, आणि न कळणाऱ्यालाही उच्चारता येतं.

शोध आणि अर्ज

आवडलं म्हणून लगेच छापायला टाकू नका. `ipindia.gov.in` वर ट्रेडमार्कचा सार्वजनिक शोध फुकट करता येतो. ट्रेडमार्कसाठी मालाचे वर्ग पाडलेत, त्यात मसाले वर्ग 30 मध्ये येतात. तिथे नुसतं स्पेलिंग घालून थांबू नका, उच्चारावरून शोधण्याचा पर्याय वापरा. नोंदणी अडते ती बहुधा सारख्या ऐकू येणाऱ्या नावामुळे. ‘सुगी’साठी ‘सुग्गी’ही शोधायला हवं, कारण कन्नडमध्ये सुगीला सुग्गी म्हणतात आणि लातूरपासून कर्नाटक लांब नाही. त्याच वर्गात मसाला, पीठ, चहा असलं काही या उच्चाराचं सापडलं, तर हळहळत न बसता यादीतल्या पुढच्या नावाकडे वळा. म्हणूनच शोधाला बसताना हाताशी तीन तरी नावं हवीत.

मोकळं सापडलं तर ऑनलाइन अर्जाची सरकारी फी व्यक्ती किंवा लघुउद्योगाला एका वर्गासाठी 4,500 रुपये आहे. अर्ज ट्रेडमार्क कार्यालयाच्या जर्नलमध्ये छापून आल्यावर चार महिने कुणीही हरकत घेऊ शकतं. अर्ज केल्यावर नावापुढे TM लावता येतं. गोलातला R मात्र नोंदणी हातात आल्याशिवाय लावणं गुन्हा आहे. ही नोंदणी भारतापुरतीच चालते. जिथे माल खरोखर खपतो त्या देशात वेगळा अर्ज लागतो, आणि भारतातल्या अर्जापासून सहा महिन्यांत केला तर मूळ तारखेचा अग्रक्रम मिळतो, म्हणजे तिथला अर्जही भारतातल्या तारखेचा धरला जातो.

नावाखालची ओळ

ब्रँडचं नाव हे पदार्थाचं नाव नव्हे. युरोपीय संघाचे आणि ब्रिटनचे नियम स्पष्ट सांगतात की कल्पक नाव पदार्थाच्या नावाच्या जागी चालत नाही. म्हणून मोठ्या अक्षरांत ‘सुगी’, त्याखाली ‘गोडा मसाला’, आणि त्याखाली इंग्रजीत ‘भाजलेलं खोबरं, तीळ व धण्यांचं मसाला मिश्रण’ अशा अर्थाची साधी ओळ. ‘गोडा’चं शब्दशः भाषांतर टाळा, ते वाचून लोक साखर असल्याचं समजतात. ‘तयार मसाला’ हेही मोघम आहे, कुणी त्यात नुसतं पाणी घालून आमटी व्हायची वाट बघेल. त्यापेक्षा कोऱ्या पाकिटांच्या वेळी मिळालेले शब्द इथे वापरा: ‘आमटी आणि भरल्या वांग्यासाठी, चार जणांच्या आमटीला दोन छोटे चमचे, उकळी येताना’.

या ओळीतला ‘तीळ’ केवळ चवीसाठी नाही. अमेरिकेत 1 जानेवारी 2023 पासून तीळ हा जाहीर करणं बंधनकारक असलेला ॲलर्जीकारक घटक आहे, युरोपात आधीपासून आहे. हिंगाकडेही बघा. बाजारातल्या बांधानी हिंगात बहुधा मैदा असतो, म्हणजे घटकांच्या यादीत गहू आलाच. डिंकाचा हिंग वापरायचा की गहू जाहीर करायचा, हे लेबल छापखान्यात जाण्याआधी ठरवा.