गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावरच्या जस्ताचं वजन काढताना या चुका टाळा

पत्र्यावर झेड-२७५ असं लिहिलेलं आहे. म्हणजे दर चौरस मीटरला २७५ ग्रॅम जस्त. जस्ताची घनता ७.१४. भागाकार केला, ३८.५ मायक्रॉन आले. मग कोटिंग गेज पत्र्यावर टेकवलं तर ते १९ किंवा २० दाखवतं. इथे बहुतेक जण पुरवठादाराला फोन लावतात, "निम्मंच जस्त दिलंत!"

पत्रा बहुतेक वेळा बरोबर असतो आणि चूक भागाकारात असते. झेड-२७५ मधले २७५ ग्रॅम हे दोन्ही बाजूंचे मिळून आहेत. चौरस मीटर मात्र पत्र्याचा मोजायचा, म्हणजे एकाच बाजूचा. एका बाजूला साधारण १३७ ग्रॅम येतात आणि त्यांची जाडी १९.३ मायक्रॉन भरते. गेज एका वेळी एकच बाजू पाहतं, त्यामुळे त्याचा आकडा खरा असतो. या हिशोबातल्या बाकीच्या बऱ्याच चुकाही याच एका घोळातून निघतात: बाजू किती धरल्या, कुठे धरल्या.

हिशोबाचा पाया सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मायक्रॉन जाडीचा थर दिला, तर त्याचं आकारमान बरोबर एक घन सेंटिमीटर होतं. एक घन सेंटिमीटर जस्ताचं वजन ७.१४ ग्रॅम. म्हणून:

मायक्रॉन × ७.१४ = एका बाजूचे ग्रॅम प्रति चौरस मीटर

हे एवढं लक्षात ठेवलं की मायक्रॉनचे मीटर करताना शून्यं चुकण्याचा प्रश्नच उरत नाही. ज्यांना सगळं मीटर आणि किलोग्रॅममध्ये करायचं असेल त्यांनी घनता ७१४० घ्यावी. जाडी मीटरमध्ये आणि घनता ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरमध्ये अशी मिसळ मात्र करू नये. तसं केलं की उत्तर हजार पटीने चुकतं.

आता एक पत्रा पूर्ण करून पाहू. माप १.२२ मीटर × २.४४ मीटर, म्हणजे क्षेत्रफळ २.९७७ चौरस मीटर. वरच्या बाजूच्या वाचनांची सरासरी २० मायक्रॉन, खालच्या बाजूची १८. वरची बाजू १४२.८ ग्रॅम, खालची १२८.५ ग्रॅम, दोन्ही मिळून २७१.३ ग्रॅम प्रति चौरस मीटर. याला क्षेत्रफळाने गुणलं की ८०८ ग्रॅम. या पत्र्यावर जवळपास ८०० ग्रॅम जस्त आहे.

इथे तीन ठिकाणी पाय घसरतो. कुणी फक्त वरची बाजू मोजतो आणि दुप्पट करतो. त्याला ८५० ग्रॅम मिळतात, कारण खालची बाजू पातळ आहे हे त्याला कळलेलंच नसतं. दोन्ही बाजूंचा लेप सारखा असेलच असं नाही, म्हणून दोन्ही मोजाव्यात. दुसरा गडी बाजूंची बेरीज करून २७१.३ काढतो आणि क्षेत्रफळही दोन बाजूंचं, म्हणजे ५.९५ घेतो. त्याचं उत्तर १.६ किलो येतं. तिसरा कडांचं क्षेत्रफळ मिळवतो. तयार वस्तू वितळलेल्या जस्तात बुडवली असेल तर कडांवरही जस्त बसतं. पण लेप दिलेल्या पट्टीतून कापलेल्या पत्र्याच्या कापलेल्या कडा उघड्याच असतात, तिथे मोजण्यासारखं काही नसतं.

उत्तर पटतं का हे बघायला वजनाची तुलना कामी येते. हाच पत्रा लेपासकट ०.५० मिमी जाडीचा असेल, तर त्याचं एकूण वजन साधारण ११.६ किलो भरतं. ८०८ ग्रॅम म्हणजे त्यातले सुमारे सात टक्के. तुमचं उत्तर साडेतीन किंवा चौदा टक्क्यांच्या आसपास आलं, तर बाजू एकदा कमी किंवा एकदा जास्त धरली गेली आहे.

वरचा पत्रा २७५ ला कमी पडला म्हणून नाकारावा का? माझं मत, एवढ्यावरून मुळीच नाही. दोन्ही बाजूंना गेज एकेक मायक्रॉनने चुकलं तर हिशोब १४ ग्रॅमने हलतो, आणि इथे तूट चार ग्रॅमचीच आहे. पातळ पत्र्यावर चुंबकीय गेजचं वाचन खालच्या पोलादाच्या जाडीनेही बदलतं. त्यामुळे त्याच जाडीच्या, लेप नसलेल्या पत्र्यावर आधी शून्य लावून घ्यावं, कडेपासून आत मोजावं आणि बऱ्याच ठिकाणची सरासरी घ्यावी. रंगीत पत्र्यावर तर हे गेज रंग आणि जस्त एकत्रच दाखवतं. ती जाडी ७.१४ ने गुणली की रंगाचंही जस्त होतं.

वाद मिटवायचा असेल तर जस्त विरघळवून वजन करण्याची पद्धत आहे. ५० मिमी व्यासाची चकती कापायची, स्वच्छ करून तोलायची, पोलादाला धक्का लागू नये म्हणून अवरोधक घातलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवायची, बुडबुडे थांबले की धुऊन, वाळवून पुन्हा तोलायची. समजा वजन ०.५३९ ग्रॅमने घटलं. चकतीचं क्षेत्रफळ ०.००१९६३५ चौरस मीटर, म्हणून लेप २७४.५ ग्रॅम प्रति चौरस मीटर. आम्लाने दोन्ही बाजूंचं जस्त नेलं, तरी भागायचं एकाच बाजूच्या क्षेत्रफळाने, कारण दर्जाचा आकडाही तसाच ठरवलेला आहे. तोलण्यात ०.०१ ग्रॅमची चूक इथे पाच ग्रॅमची होते, आणि व्यास अर्ध्या मिलिमीटरने चुकला तरी जवळपास तेवढीच. म्हणून मिलिग्रॅम दाखवणारा काटा हवा आणि व्यास व्हर्नियरने मोजायला हवा. शिवाय २७५ ही तीन ठिकाणच्या नमुन्यांची किमान सरासरी आहे. युरोपीय मानकात एकट्या नमुन्याला २३५ पर्यंत मुभा आहे. एका चकतीवर २६० आले म्हणून माल नापास होत नाही.

पन्हाळी पत्र्यात क्षेत्रफळच फसवतं. १.२२ मीटर रुंद सपाट पट्टीला नागमोडी आकार दिला आणि बसवल्यावर तिने एक मीटर रुंदी झाकली, तरी जस्त १.२२ मीटरवरचंच आहे. छताचं क्षेत्रफळ धरून हिशोब केला तर जस्त १८ टक्के कमी दिसतं. पन्हाळी पडण्याआधीच्या पट्टीची रुंदी विचारून घ्यावी. ती कळत नसेल तर मोजपट्टी लाटांवरून दाबत नेऊन मोजावी.

राहिली घनता. शुद्ध जस्तासाठी ७.१४ घेतात, तयार वस्तू बुडवून दिलेल्या लेपासाठी मानकात ७.२ धरतात. हा फरक एक टक्क्याच्या आतला आहे, त्यावर वेळ घालवू नये. खरा धोका दिसायला सारख्याच असणाऱ्या ॲल्युमिनियम-जस्त पत्र्यात आहे. त्या लेपात वजनाने ५५ टक्के ॲल्युमिनियम असतं आणि घनता सुमारे ३.७५. एझेड-१५० मध्ये दोन्ही बाजूंचे मिळून १५० ग्रॅम म्हणजे एका बाजूला २० मायक्रॉन. तिथे ७.१४ वापरलं तर लेप सुमारे २८६ ग्रॅमचा असल्याचं उत्तर येतं, आणि १५० ग्रॅमचा पत्रा झेड-२७५ म्हणून पास होतो. शिवाय त्या १५० ग्रॅममध्ये जस्त फक्त ६५ ग्रॅम आहे. गेजला ही दोन्ही कोटिंग वेगळी ओळखता येत नाहीत, म्हणून गुणाकाराआधी पत्र्यावरचा छाप किंवा चाचणी प्रमाणपत्र वाचावं: झेड की एझेड.